एकवीरेच्या पायी पालखीची उभी रील: शूटिंगच्या आधी स्टोरीबोर्ड कसा काढायचा

चैत्र लागला की नवी मुंबईतल्या गावठाणांमधून आणि ठाण्याच्या कोळीवाड्यांमधून कार्ल्याला आई एकवीरेच्या पालख्या पायी निघतात, आणि प्रत्येक मंडळात एक पोरगा किंवा पोरगी असतेच जिला सगळे सांगतात, तुझा फोन चांगला आहे, यंदाची रील तू बनव. हा लेख त्या पोरासाठी आणि त्या पोरीसाठी आहे. मी बेलापूरकडच्या एका गावठाणातला, आमच्या पालखीत साधारण साठ माणसं असतात, आणि खाली जो स्टोरीबोर्ड सांगतोय, म्हणजे शूटिंगआधी कागदावर चौकटी-चौकटीने काढलेला व्हिडिओ, तो आमच्याच वाटेचा आहे, म्हणजे बेलापूर, पनवेल, पळस्पे फाटा, चौक, खालापूर, खोपोली, मग बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा आणि कार्ला फाट्यावरून आत वेहेरगाव. जुन्या हायवेने ७० ते ७५ किलोमीटर होतात, दोन रात्री आणि दोन दिवस लागतात.

आधी माझी पहिल्या वर्षीची चूक सांगतो कारण सगळा स्टोरीबोर्ड तिच्यावरच उभा आहे. त्या वर्षी मी काहीच न ठरवता निघालो आणि जे दिसेल ते शूट केलं, खोपोलीच्या आसपास एका मावशींच्या तळव्याला मोठा फोड आला होता तो जवळून घेतला, घरी येऊन स्लो मोशन केला, खाली मोठं म्युझिक टाकलं आणि वर लिहिलं ७० किमी अनवाणी. लोकांना आवडला, खूप फिरला. पुढच्या वर्षी आमच्यातल्या दोन पोरांनी भर दुपारी चपला काढून पिशवीत टाकल्या, एप्रिलच्या डांबरावर, आणि मला सांगितलं, दादा आमचे पण पाय घे. एकाला तर घाटाआधीच टेम्पोत बसवावं लागलं. आणि ज्या मावशींचा तो पाय होता त्या मला एवढंच म्हणाल्या की पोरा, त्या रात्री दोन तास मी गाणी म्हटली रे, ती नाय घेतलीस? त्या वाक्याने मला खरंच लागलं, कारण गाणी माझ्या समोरच चालली होती आणि माझा फोन त्यांच्या तळव्यावर होता.

म्हणून पहिली पायरी शूटिंगची नाहीच. निघायच्या आठवडाभर आधी मंडळाच्या मीटिंगला जाऊन बसा आणि तीन-चार माणसांना एकच प्रश्न विचारा, तुम्ही आईकडे काय घेऊन चाललात? का चालता असं विचारू नका, त्याला सगळे एकसारखं उत्तर देतात, श्रद्धा आहे म्हणून. काय घेऊन चाललात म्हटलं की वस्तू निघतात. आमच्याकडे निघाली ती नारळांची पिशवी. आमची एक आत्या दरवर्षी गावठाणातल्या ज्या बायकांना यायला जमत नाही, कोणी बाळंतीण आहे, कोणाची सासू अंथरुणाला आहे, त्यांचे नारळ स्वतः नेते. प्रत्येक नारळाच्या शेंडीजवळ चिकटपट्टी लावते आणि त्यावर पेनाने नाव लिहिते म्हणजे देवीसमोर फोडताना नाव घेता येतं आणि परत येताना ज्याचा प्रसाद त्याच्या घरी जातो. ही पिशवी मिळाली आणि माझा व्हिडिओ उभा राहिला, कारण आता बघणारा पाय किती दुखले हे मोजत बसत नाही, त्याला बघायचं असतं की ते नारळ पोचले का. तुमच्या पालखीत दुसरं काही असेल, ओटीची साडी असेल, कोणाच्या तरी वडिलांची टाळ असेल, पण अशी एक वस्तू शोधा जी पहिल्या चौकटीत दिसेल आणि शेवटच्या चौकटीत परत येईल.

आता कागद. ए-फोर कागद घ्या आणि त्यावर साडेचार सेंटीमीटर रुंद, आठ सेंटीमीटर उंच अशा चौकटी आखा, हे माप बरोबर ९:१६ पडतं, फोनच्या उभ्या व्हिडिओचं. आडव्या तीन आणि खाली तीन अशा सहा चौकटी एका पानावर आरामात बसतात आणि प्रत्येकीखाली चार ओळी लिहायला जागा उरते. बारा चौकटी, दोन पानं, आणि व्हिडिओ साधारण ७० सेकंदांचा. चित्र चांगलं यायला पाहिजे असं अजिबात नाही, काड्यांची माणसं काढली तरी चालतात. पण प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने खालून दीड सेंटीमीटरवर एक रेघ मारा, वरून एक सेंटीमीटरवर एक, आणि खालच्या अर्ध्या भागात उजवीकडे पाऊण सेंटीमीटर सोडून एक उभी रेघ. या रेघांच्या बाहेर ॲपमधलं नाव, कॅप्शन आणि लाइकची बटणं येतात. नवीन लोक हे विसरतात आणि मग नारळावरचं नाव बरोबर कॅप्शनच्या खाली जातं.

चौकटीखालच्या चार ओळी अशा: कुठे आणि किती वाजता, कॅमेरा किती उंचीवर, आवाज कोणता, किती सेकंद. उंचीची ओळ कोणी लिहीत नाही, पण आपल्या विषयात मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. उभी फ्रेम उंच असते म्हणून हात आपोआप खाली जातो, कॅमेरा जमिनीजवळ ठेवून वर बघणारा शॉट घेतला की माणूस आभाळाला टेकलेला दिसतो, मागून सूर्य, त्यात स्लो मोशन आणि म्युझिक, आणि झालं, थकलेला माणूस पोस्टरवरचा वीर झाला. मग बघणाऱ्याला वाटतं की जास्त सोसलं तर जास्त भक्ती. म्हणून आमच्या पानावर एक नियम वरच लिहिलेला असतो, कॅमेरा चालणाऱ्याच्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर, बसलेल्या माणसासमोर आपणही बसायचं, आणि स्लो मोशन कुठेच नाही. आमच्या व्हिडिओत सगळं चालण्याच्या खऱ्या वेगाने दिसतं.

आता चौकटी. पहिली तीन सेकंदांची, संध्याकाळ, आत्याच्या घराची ओटी, फक्त हात आणि नारळ, चिकटपट्टीवर नाव लिहिताना पेन अडखळतो कारण पट्टी गुळगुळीत असते, ते अडखळणं राहू द्या. (खरं पूर्ण नाव दाखवायचं असेल तर त्या बाईंना विचारून घ्या, नाहीतर नुसतं पहिलं नाव लिहायला सांगा.) दुसरी पाच सेकंदांची, गावदेवीच्या देवळासमोर पालखी उचलली जाते आणि पुढे पिशवी आत्याच्या खांद्यावर. तिसरी पळस्पे फाट्याच्या पुढची, रात्र, पूर्ण रांग.

या रांगेवर जरा थांबतो कारण उभ्या फ्रेममध्ये रांग बसत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. बाजूने घेतली तर सहा माणसं मावतात आणि वर-खाली नुसता रस्ता आणि आभाळ. रांग समोरून घ्यायची, म्हणजे माणसांमागे माणसं अशी ती फ्रेममध्ये वर चढत जाते, आणि कॅमेरा थोडा उंचावर असला की अजून छान, रस्त्याकडेच्या बांधावर किंवा एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभं राहा. साठ माणसं दोन-दोनच्या रांगेत म्हणजे साधारण ४० मीटर, चालण्याचा वेग ताशी साडेचार किलोमीटर, तर पूर्ण रांग तुमच्यासमोरून जायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ हात स्थिर ठेवायचा, बस. नंतर पुढे जायचं असेल तर बाईकवाल्या मित्राबरोबर अर्धा किलोमीटर पुढे जा, पालखी पोचायला सहा-सात मिनिटं मिळतात, जागा शोधायला पुरे. बाईकवर मागे बसून शूट करू नका आणि उलटं चालत तर बिलकुल नको, मागून कंटेनर येतो ते तुम्हाला दिसतच नाही. आणि काहीही झालं तरी, शॉट हलला, फोकस गेला, फोन बंद पडला, तरी पालखीला परत मागे जाऊन चालून दाखवा असं सांगायचं नाही. त्रासाचा गौरव करायचा नाही म्हणताना आपणच त्यांची शंभर पावलं वाढवायची, हे कसं चालेल?

रात्रीच्या शॉटसाठी एक सेटिंग: हॉटेलच्या ट्यूबलाइटखाली आणि काही रस्त्यांवरच्या दिव्यांखाली व्हिडिओत पट्टे पळताना दिसतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फोनमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवला की बहुतेक ठिकाणी ते जातात. घरीच ट्यूबखाली तपासून निघा. आणि सगळ्यांच्या अंगावर ते चमकणारे पट्टेवाले जॅकेट असतात ते लपवू नका, काहींना वाटतं त्याने भक्तीचा मूड जातो, मला उलट वाटतं, मागच्या माणसाच्या पाठीवरचा पट्टा नीट बांधून देणारा हात हा माझ्या व्हिडिओतला आवडता शॉट आहे.

चौथी चौकट आठ सेकंदांची, खांदा बदलणं. हे ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पालखी थांबत नाही. नवा माणूस बाजूने चालत येतो, खांद्यावर टॉवेलची घडी ठेवतो, दांडीला हात लावून तो हात कपाळाला लावतो आणि मग खांदा खाली सरकवतो, आणि जुना माणूस लगेच निघून जात नाही, दोन-चार पावलं त्याचा हात दांडीवरच राहतो, वजन नीट गेलंय का बघायला. उभ्या फ्रेमला हे एकदम फिट बसतं, वर दांडी, मध्ये दोन चेहरे, खाली टॉवेल. हा शॉट तोडू नका, आठही सेकंद सलग. भक्ती म्हणजे काय ते त्या माणसाच्या हातात दिसतं आणि ओझं जड आहे हेही दिसतं, वेगळं सांगावं लागत नाही. हा बदल किती वेळाने होतो ते पहिल्या तासात बघून ठेवा, कॅमेरा न काढता, म्हणजे पुढचा कधी येणार ते कळतं.

पाचवी चौकट चौकला, पहाटेचा चहा. चित्र साधं आहे, पण आवाजाचं मुख्य काम इथे होतं. हायवेवर चालताना गाणं रेकॉर्ड होतच नाही, ट्रकचा हॉर्न आणि वारा सगळं खातो. इथे बायका बसतात, चहा येतो, आणि कोणीतरी गायला सुरुवात करतं. दुसरा फोन घ्या, गाणाऱ्या मावशीच्या हातभर अंतरावर पालथा ठेवा, नुसता आवाज रेकॉर्ड करा, चार-पाच मिनिटं, मध्ये बोलू नका. पूर्ण ७० सेकंदांच्या खाली हाच आवाज जातो आणि मग बाजारातलं गाणं लावायची गरजच उरत नाही, कॉपीराइटची कटकटही नाही. शेवटी जो 'आई माऊलीचा उदो उदो' होतो तो वेगळा घ्या, तो अकराव्या चौकटीला लागतो.

सहावी पायांची. हो, पाय आहेत, मी पाय काढून टाकलेले नाहीत. ७० किलोमीटर चालून कोणालाच काही झालं नाही असं दाखवलं तर ते खोटं होईल आणि जे चालतात त्यांना ते लगेच कळेल. पण चौकट अशी आखलीय की पाय एकटा कधीच दिसत नाही. कॅमेरा बसलेल्या माणसांच्या छातीच्या उंचीवर, फ्रेममध्ये दोन माणसं, एकाचा पाय दुसऱ्याच्या मांडीवर, दुसरा पाण्याने धुतो, टॉवेलने टिपतो, गॉज ठेवून पट्टी लावतो, आणि दोघं दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतायत, बहुतेक जेवणात काय आहे याबद्दल. नऊ सेकंद, सगळ्यात लांब चौकट हीच. फोडावर झूम नाही. सुईने फोड फोडताना दाखवू नका, आपल्याकडे हे सर्रास करतात पण त्यातून पू होतो, आणि व्हिडिओ बघून अजून चार जण करतील, साखर असलेल्या माणसाला तर ते फार महागात पडतं. आणि शेवटच्या सेकंदात तो माणूस मोजे आणि बूट घालताना दिसला पाहिजे. हा बूट मी मुद्दाम ठेवतो, त्या दोन पोरांसाठी.

शूट करताना कोणाला विचारायचं तर पट्टी बांधून झाल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर परत एकदा विचारा की हे दाखवू का. दुखत असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

सातवी थोडक्यात सांगतो, दुपारचा मुक्काम, शेडच्या बाहेर चपला-बुटांची ओळ आणि आत फिरणारा पंखा, पाच सेकंद, माणसं नाहीत. झोपलेल्या माणसांना घेऊ नका, बायकांना तर नाहीच, आंघोळीची जागा फ्रेमच्या जवळपासही नको. लोक विश्रांती घेतात एवढं त्या चपला सांगतात.

आठव्या चौकटीवरून आमच्या मंडळात वाद झाला होता. आत्याचा गुडघा खालापूरच्या पुढे धरतो, ती घाटात चालत नाही, सामानाच्या टेम्पोत बसते, मांडीवर ती पिशवी. काहींचं म्हणणं होतं की हे दाखवू नको, लोक म्हणतील पायी पालखी आणि टेम्पोत बसली. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मना टेम्पोन बसलेली दाव, पन पिशवी माझ्या मांडीवर दिसली पायजे." मग चौकट तशीच काढली, संध्याकाळचे साडेपाच, टेम्पोच्या मागच्या फळीजवळ ती बसलीय, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन्ही हात पिशवीवर, आणि मागच्या उघड्या भागातून चालणारी रांग दिसते. सहा सेकंद. टेम्पो उभा असतानाच घ्यायचं. तुमच्याही पालखीत कोणीतरी टेम्पोत बसणारं असतं, त्यांना व्हिडिओतून कापू नका, नाहीतर पुढच्या वर्षी ते गुडघा धरून चालतील किंवा यायचंच बंद करतील.

नववी बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळापाशी. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, जाणारे-येणारे इथे नाणं वाहतात आणि आमची पालखीही थांबते. पहाट असेल तर उजेड छान असतो, नाणं ठेवणारा हात आणि मागे घाटाचं वळण. घाटात रस्ता अरुंद आणि वाहतूक जड, म्हणून इथे एकच शॉट, देवळाच्या बाजूला उभं राहून, आणि फोन खिशात. चढताना धापा टाकणाऱ्या माणसाचा चेहरा सहज मिळतो आणि चांगलाही दिसतो, तरी तो आमच्या पानावर नाही. मी दोनदा घेतला आणि दोनदा एडिटमध्ये काढला, कारण तो आला की नारळ विसरले जातात आणि सगळं परत दमण्यावर येतं.

दहावी पायऱ्यांची. पायथ्यापासून पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं, गर्दी. इथे लोकांना गुडघ्यावर चढणारा कोणीतरी शोधायची घाई असते. तुम्ही पिशवी शोधा, ती आता कोणाच्या हातात आहे ते. आमच्याकडे आत्या दोन पायऱ्या चढून थांबते तेव्हा कोणीतरी पोरगी पिशवी घेते, परत देते, असं चालतं. पिशवी हातातून हातात जाताना मागून घ्या, सहा सेकंद.

अकरावी नारळ फोडण्याची. देऊळ कार्ला लेण्यांच्या तोंडाशीच आहे, लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तेव्हा ट्रायपॉड आणि ड्रोन परवानगीशिवाय काढू नका, आणि गाभाऱ्यात शूटिंग चालेल असं धरून स्टोरीबोर्ड आखू नका. आमची चौकट बाहेरचीच आहे: चिकटपट्टी नखाने सोलणारी बोटं, नाव घेणारा आवाज, नारळ फुटल्याचा आवाज, मग उदो उदो. मूर्ती न दाखवताही बघणाऱ्याला आपण कुठे पोचलो ते कळतं. दर्शनानंतर रडणारा चेहरा मिळाला तर सोडून द्या, तो क्षण त्या माणसाचा आहे.

व्हिडिओवर लिहायचं काय? किलोमीटर लिहू नका, तासही नाही, अनवाणी तर नाहीच. फक्त गावांची नावं, पळस्पे, चौक, खोपोली, शिंग्रोबा, कार्ला, लहान अक्षरात, वरच्या रेघेच्या खाली. आपल्याकडच्या माणसाला तेवढ्यात अंतर कळतं.

पानं तयार झाली की प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घाला, घाम आणि चहा दोन्हीपासून वाचतात, एक झेरॉक्स बाईकवाल्या मित्राकडे द्या. वाटेत वेगळं काही चांगलं मिळालं तर घ्या, पण ज्या चौकटीच्या जागी ते टाकणार तिच्यावर पेनाने लिहा, नाहीतर घरी येऊन चारशे क्लिप आणि डोकं बधिर. कच्चा व्हिडिओ झाला की आवाज बंद करून एकदा बघा आणि दुखणं किती सेकंद दिसतं ते मोजा, आमच्यात ७० पैकी नऊ येतात. मग टाकायच्या आधी मंडळात सगळ्यांना दाखवा, ज्याला स्वतःचा शॉट नको त्याचा काढून टाका, कारण विचारू नका.

बारावी चौकट पालखी परतल्यावर दुसऱ्या दिवशीची, आणि ती हमखास राहून जाते कारण सगळे झोपलेले असतात, तुम्हीसुद्धा. तरी उठा. सकाळी दहाच्या सुमारास आत्या अर्धं खोबरं कागदात गुंडाळून त्या बाळंतिणीच्या दारात जाते, बेल वाजवते, आतून बाळाचा आवाज येतो, दार उघडतं. कॅमेरा जिन्याच्या एक पायरी खाली, आत्याच्या खांद्यामागून. पाच सेकंद, आणि दार उघडलं की कट.